एकवीस मिलिग्रॅमचा हिशेब

निकोटिनच्या पॅचचं पाकीट पहिल्यांदा हातात घेणारा माणूस त्यावरचा आकडा पाहून दचकतो. २१ मिलिग्रॅम. ज्या देशांत सिगारेटच्या पाकिटांवर निकोटिनचा आकडा छापत असत, तिथे तो ०.६, ०.८, फार तर १.२ असा असे. मग मनातल्या मनात भागाकार होतो. एक पॅच म्हणजे पंचवीसेक सिगारेटी, त्याही एकदम दंडावर चिकटवायच्या. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘त्यापेक्षा दिवसाला चार ओढलेल्या काय वाईट?’ हे पटलेला माणूस पॅच कात्रीने अर्धा करतो, नाहीतर सगळ्यात लहान, ७ मिलिग्रॅमचा घेऊन येतो. दोन-तीन दिवसांत तो पुन्हा टपरीवर दिसतो आणि पॅचने काही होत नाही असं सगळ्यांना सांगत सुटतो.

त्याच्या भागाकारात चूक नाही आणि छापलेले आकडेही खोटे नाहीत. ते एकाच गोष्टीचे आकडे नाहीत, एवढंच. पॅचवरचा आकडा चोवीस तासांत कातडीतून आत जाणाऱ्या निकोटिनचा आहे. सिगारेटच्या पाकिटावरचा आकडा एका यंत्राने ओढलेल्या धुराचा आहे. माणसाच्या रक्तात काय पोचतं, ते त्यातून कळत नाही.

त्या यंत्रापासूनच सुरुवात करू. सिगारेट मोजण्याच्या जुन्या प्रमाण पद्धतीत यंत्र दर मिनिटाला एक झुरका घेतं. झुरका ३५ मिलिलिटरचा आणि दोन सेकंदांचा. ठरलेल्या खुणेपर्यंत सिगारेट जळली की यंत्रातल्या गाळणीवर साठलेलं निकोटिन मोजतात आणि तोच आकडा छापतात. माणूस असं ओढत नाही. त्याचा झुरका बहुधा याहून मोठा असतो आणि दोन झुरक्यांमध्ये तो मिनिटभर थांबत नाही. ‘लाइट’ म्हणून विकल्या गेलेल्या सिगारेटींच्या फिल्टरभोवती बारीक भोकांची एक रांग असते. यंत्र ओढतं तेव्हा त्या भोकांतून हवा आत येते आणि धूर पातळ होतो, त्यामुळे आकडा खाली येतो. माणसाची बोटं आणि ओठ नेमके त्या भोकांवर बसतात. हवा आत येणं कमी होतं आणि धूर दाट मिळतो. तेवढ्यानेही भागलं नाही, तर तो धूर जास्त खोलवर ओढतो. निकोटिनची सवय झालेलं शरीर आपल्या वाट्याचं वसूल करून घेतं. अमेरिकी वैद्यक नील बेनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३मध्ये हेच दाखवून दिलं. कमी निकोटिनचा आकडा छापलेल्या सिगारेटी ओढणाऱ्यांचं रक्त तपासलं, तर त्यांच्या शरीरात निकोटिन काही कमी जात नव्हतं. पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००८मध्ये या आकड्यांवरचा आपला हात काढून घेतला, आणि ‘लाइट’, ‘माइल्ड’ हे शब्द तिथे २०१०पासून बंद झाले.

मग एका सिगारेटमधून माणसाला खरोखर मिळतं किती? सिगारेटमधल्या तंबाखूत साधारण १० ते १४ मिलिग्रॅम निकोटिन असतं. त्यातलं बरंचसं दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात टोकाकडून नुसतंच हवेत जातं. काही जळून जातं, काही फिल्टरमध्ये आणि थोटकात अडकतं. फुप्फुसांतून रक्तात उतरतं ते सरासरी १ ते १.५ मिलिग्रॅम. हाच या लेखातला कामाचा आकडा. तो माणसागणिक बदलतो. कुणी अर्ध्या मिलिग्रॅमवर थांबतो, तर कुणी त्याच सिगारेटमधून तीन मिलिग्रॅम काढतो. दिवसाला पाचच सिगारेटी ओढणाऱ्याने समाधान मानायचं काही कारण नाही, कारण पाचावर आलेला माणूस प्रत्येक सिगारेट शेवटापर्यंत ओढतो.

आता एक हिशेब मांडून बघू. सत्तर किलो वजनाचा एक गृहस्थ धरू. सकाळी सातला पहिली सिगारेट, रात्री अकराच्या सुमारास शेवटची, दिवसाला वीस. म्हणजे दर पाऊण तासाला एक, थोडं इकडेतिकडे. प्रत्येक सिगारेटमधून त्याला एक मिलिग्रॅम मिळतं असं मानू.

हे एक मिलिग्रॅम नुसतं रक्तात राहत नाही. निकोटिन झपाट्याने स्नायू, यकृत, मेंदू अशा सगळीकडे पसरतं. औषधशास्त्रात याचा हिशेब करायला एक युक्ती आहे. शरीर म्हणजे जणू १८० लिटरचं एक भांडं आहे, असं धरायचं. खऱ्या माणसात एवढं पाणी मावत नाही हे उघड आहे. पण निकोटिन रक्तापेक्षा बाकीच्या पेशींमध्ये जास्त जाऊन बसतं, म्हणून हिशेबाचं भांडं मोठं धरावं लागतं. एक मिलिग्रॅम भागिले १८० लिटर केलं, की रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साडेपाच नॅनोग्रॅम येतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. पुढचे सगळे आकडे याच मापात आहेत, म्हणून दर वेळी मापाचं नाव घेत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे निकोटिन शरीरात टिकतं किती वेळ. यकृत ते भराभर मोडून टाकतं. जेवढं असेल त्यातलं निम्मं साधारण दोन तासांत जातं. आपल्या गृहस्थाची पातळी सातच्या सिगारेटनंतर साडेपाचवर जाते आणि पाऊण तासात चारपर्यंत उतरते. तेवढ्यात दुसरी पेटते आणि पातळी पावणेदहाच्या आसपास पोचते. तिसरीनंतर ती पावणेतेरा होते. प्रत्येक वेळी थोडं उतरतं आणि त्याहून जास्त चढतं. दुपारी बाराच्या सुमारास, सातव्या सिगारेटपर्यंत, ती विसाच्या घरात आलेली असते. तिथून पुढे चढणं आणि उतरणं सारखं होत जातं. दुपार, संध्याकाळ आणि रात्र हा माणूस १७ आणि २३च्या मध्ये वरखाली होत राहतो. हा आमचा कागदावरचा हिशेब झाला. पण रोज ओढणाऱ्यांचं दुपारनंतरचं रक्त प्रयोगशाळेत तपासतात तेव्हा आकडे बहुधा २० ते ४०च्या दरम्यान येतात, आणि टोकाची माणसं धरली तर १० ते ५०. आपला गृहस्थ बेताने ओढणारा आहे. सिगारेटमागे दीड मिलिग्रॅम खेचणाऱ्याची सरासरी याच हिशेबाने तिशीत जाईल.

रात्री अकराला २३. पुढच्या आठ तासांत चार वेळा निम्मं होत होत सकाळी सातला दीडच्या खाली. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. उठल्यावर पाच मिनिटांत सिगारेट लागणारा माणूस आळसापोटी ती मागत नसतो. रात्रभरात त्याचं भांडं रिकामं झालेलं असतं. म्हणूनच व्यसन किती घट्ट आहे हे तपासताना डॉक्टर ‘दिवसाला किती?’ याच्या जोडीला ‘उठल्यावर किती वेळात?’ हेही विचारतात. अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर गाठ पक्की समजायची.

आता पॅच. कातडीतून निकोटिन आत जातं हे तंबाखूच्या शेतात राबणाऱ्यांना पॅच येण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. दवाने किंवा पावसाने ओली झालेली पानं तोडताना ती अंगाला लागतात, निकोटिन पाण्यात उतरून कातडीत शिरतं, आणि मजुराला मळमळ, उलट्या, चक्कर, डोकेदुखी सुरू होते. अमेरिकेत याला हिरव्या तंबाखूचा आजार म्हणतात. आपल्याकडे गुजरातेत तंबाखूच्या पिकात काम करणाऱ्यांमध्येही तो नोंदला गेला आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेड रोझ आणि मरे जार्विक यांनी १९८०च्या दशकात हा धागा पकडला. जे मजुराला आजारी पाडतं, ते मोजून-मापून दिलं तर सिगारेट सोडणाऱ्याच्या उपयोगी पडेल, असा त्यांचा विचार होता. रोझने निकोटिन आधी स्वतःच्याच कातडीवर लावून पाहिलं. १९९१मध्ये अमेरिकेत पॅचला डॉक्टरच्या चिठ्ठीवर परवानगी मिळाली आणि १९९६पासून तो चिठ्ठीशिवायही मिळू लागला.

२१ मिलिग्रॅमच्या पॅचमध्ये २१हून बरंच जास्त निकोटिन भरलेलं असतं. काही बनावटींमध्ये पन्नासच्या वर, काहींमध्ये शंभरच्या वर. औषध दाट राहिलं तरच ते कातडीत एका चालीने झिरपतं, म्हणून हा जादा साठा. तो तसाच पॅचमध्ये उरतो. वापरलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा, हे त्याचमुळे. टाकाऊ दिसणाऱ्या त्या तुकड्यात लहान मुलाला आजारी पाडण्याइतकं निकोटिन शिल्लक असतं.

आपल्या गृहस्थाने सकाळी सातला सिगारेटऐवजी पॅच लावला, तर सुरुवातीचा तासभर काहीच घडत नाही. निकोटिनला कातडीच्या थरांतून वाट काढावी लागते. मग पातळी हळूहळू चढते आणि बनावटीप्रमाणे दोन ते सहा तासांत माथ्यावर येते. हा माथा १७ ते २३च्या दरम्यान असतो. तिथून ती दिवसभर सावकाश उतरत जाते. सरासरी काढायची तर तोच जुना हिशेब. २१ मिलिग्रॅम चोवीस तासांत वाटले तर ताशी एक मिलिग्रॅमहून थोडं कमीच पडतं, आणि आपल्या १८० लिटरच्या भांड्यात त्याची पातळी १४च्या आसपास स्थिरावते. कंपन्यांनी मोजलेल्या सरासऱ्याही १२ ते १७ अशा आहेत.

सिगारेटवर दिवसा २०, पॅचवर १४. ज्याला पंचवीस सिगारेटींच्या बरोबरीचा समजून लोक घाबरतात, तो पॅच वीस सिगारेटींनाही पुरा पडत नाही. जोरात ओढणाऱ्याला तर तो निम्म्यावरच ठेवतो.

इथे चाणाक्ष वाचक थांबेल. वीस सिगारेटींचे दिवसाला २० मिलिग्रॅम आणि पॅचचे २१. एकूण माल सारखाच, तर मग पातळी कमी का? उत्तर घड्याळात आहे. सिगारेटचे २० मिलिग्रॅम सोळा तासांत येतात, कारण झोपलेला माणूस ओढत नाही. पॅच झोपेतही चालू असतो. त्याच्या २१पैकी सात मिलिग्रॅम माणूस झोपेत असताना खर्ची पडतात, जेव्हा त्याला सिगारेटची आठवणही नसते. बदल्यात सकाळी सातला हिशेब उलटतो. ओढणारा दीडच्या खाली असतो, तर पॅचवाला दहाच्या आसपास. चोवीस तासांत ही एकच वेळ अशी आहे की पॅच सिगारेटला स्पष्ट मागे टाकतो. उठल्याबरोबर सिगारेट लागणाऱ्याला रात्रीही पॅच ठेवायला सांगतात ते यासाठी. रात्रभर निकोटिन चालू राहिल्याने काहींची झोप चाळवते आणि विलक्षण ठसठशीत स्वप्नं पडतात. त्यांनी पॅच झोपताना काढला तरी चालतो. युरोपात २५ मिलिग्रॅमचा सोळा तासांचा पॅचही मिळतो. तोच हिशेब त्याला लावला तर जागेपणीची पातळी २५वर जाते. म्हणजे २१ आणि २५ या आकड्यांत दिसायला फरक थोडा, पण रक्तात तो जवळजवळ दुप्पट होतो, कारण भागायचे तास वेगळे आहेत. पॅचवरचा मिलिग्रॅमचा आकडा वाचताना त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेले तास वाचायलाच हवेत.

एवढं सगळं शिरेतल्या रक्ताबद्दल झालं. ते कोपराच्या खोबणीतून सुई घालून काढतात, आणि पुस्तकांतले बहुतेक आकडे त्याचेच असतात. पण सिगारेटची खरी करामत त्या सुईला दिसत नाही. धूर फुप्फुसांत पोचला की निकोटिन तिथून थेट हृदयाच्या डाव्या भागात येतं, आणि तिथून धमन्यांवाटे मेंदूत. झुरक्यापासून मेंदूपर्यंत दहा ते वीस सेकंद. हे रक्त हात-पाय, स्नायू सगळीकडून फिरून, वाटेत निकोटिन सोडत, कोपराच्या शिरेत येईपर्यंत बरंच पातळ झालेलं असतं. संशोधकांनी धमनीतलं रक्त वेगळं काढून तपासलं तेव्हा सिगारेट चालू असताना त्यातली पातळी शिरेतल्यापेक्षा दुप्पट-अडीचपट निघाली, आणि जॅक हेनिंगफील्ड व सहकाऱ्यांच्या १९९३च्या मोजमापांत काही वेळा दहापटीपर्यंत. कोपरातली सुई १७ ते २३ दाखवत असताना मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात दर सिगारेटला उंच, टोकदार सुळका उठत असतो. प्रत्येक झुरक्याला एक छोटा धक्का. सिगारेटमागे दहा झुरके धरले तर दिवसाला दोनशे.

पॅचला सुळका नाही. कातडीतून आलेलं निकोटिन शिरांवाटे हळूहळू मिसळतं, त्यामुळे धमनीत आणि शिरेत फारसा फरकच राहत नाही. ठिबकचं पाणी आणि पाट फोडून सोडलेलं पाणी, दोन्ही लिटरमध्ये मोजता येतात, पण पिकाला त्यांचा अनुभव सारखा नसतो. व्यसन लावण्याची ताकद मुख्यतः या वेगात असते. ओढलं आणि लगेच बरं वाटलं, यातलं अंतर जितकं कमी, तितकं मेंदू ते दोन्ही घट्ट जोडतो. पॅच लावून तीन तासांनी जे वाटतं, ते पॅच लावण्याच्या कृतीशी जोडलंच जात नाही. पॅचची चटक लागल्याच्या तक्रारी जवळपास ऐकू येत नाहीत, त्याचं कारण हेच.

आणि पॅचचं दुबळेपणही हेच. संथ पातळी चिडचिड, अस्वस्थता, मन न लागणं ही सोडतानाची लक्षणं बऱ्यापैकी दाबून ठेवते. पण जेवणानंतर, कट्ट्यावर, साहेबाशी खडाजंगी झाल्यावर अचानक उसळणारी तलफ तिला आवरत नाही. ती तलफ मागत असते तो सुळका. त्यामुळे पॅचच्या जोडीला तलफेच्या क्षणी निकोटिनचा च्युइंगगम किंवा चघळायची गोळी देण्याची पद्धत आली. त्यांचं निकोटिन तोंडातून पंधरा-वीस मिनिटांत थोडं वर येतं. सिगारेटच्या सुळक्यापुढे ते टेकाडच, पण वेळ मारून न्यायला पुरतं. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांत हा फरक दिसतो. निकोटिनच्या पॅच-गमसारख्या उपायांनी सिगारेट सुटण्याची शक्यता नुसत्या प्रयत्नाच्या मानाने सुमारे दीडपट होते, आणि जोडीने वापरल्यास एकट्याच्या मानाने आणखी पाव हिश्शाने वाढते. मूळ शक्यताच लहान असते, हे मात्र विसरू नये. दहा जणांनी प्रयत्न केला तर बहुतेक जण पहिल्या खेपेला परत फिरतात, पॅच असो वा नसो.

व्यवहारात डोस जास्त झाल्यापेक्षा कमी पडल्याचीच उदाहरणं अधिक दिसतात. दिवसाला दहाहून जास्त सिगारेटी ओढणाऱ्याने २१पासून सुरू करावं आणि दहा किंवा कमी ओढणाऱ्याने १४पासून, असा पाकिटांवरचा सर्वसाधारण नियम असतो. मग काही आठवड्यांनी एकेक पायरी खाली यायचं. जास्त होतंय हे कशावरून ओळखायचं? मळमळ, चक्कर, डोकं दुखणं, थंड घाम, छातीत धडधड. तंबाखूची सवय नसलेल्याने पहिल्यांदा ओढल्यावर जे होतं, नेमकं तेच. पॅच काढला की तासा-दोन तासांत ते ओसरू लागतं, पण लगेच थांबत नाही, कारण कातडीत साठलेलं निकोटिन अजून येत असतं. कमी पडतंय हे कशावरून ओळखायचं? चिडचिड, सतत तलफ, भूक, कशातच लक्ष न लागणं. मे महिन्यात भर उन्हात काम करताना किंवा कढत पाण्याने अंघोळ करताना कातडीतला रक्तपुरवठा वाढतो आणि तोच पॅच तेवढ्यापुरता जास्त निकोटिन सोडतो. घामाने कडा सुटलेला पॅच उलट कमी देतो. केसाळ जागी लावला तर नीट बसत नाही, आणि रोज त्याच जागी लावला तर कातडी लाल होऊन खाजते. कात्री तर लावूच नये, कारण त्यातली झिरपण्याची चाल पॅच अखंड आहे असं धरून ठरवलेली असते.

एक घोटाळा मात्र डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो. सिगारेटच्या धुरातले डांबरी पदार्थ यकृताला कॅफिन वेगाने मोडायला लावतात. ओढणारा म्हणून चार-पाच कप चहा-कॉफी सहज पचवतो. पॅचमध्ये निकोटिन असतं, धूर नसतो. सिगारेट सुटली की काही दिवसांत यकृताची ती घाई संपते, आणि तेवढ्याच चहा-कॉफीत रक्तातलं कॅफिन जवळजवळ दुप्पट होतं. हात थरथरतात, झोप उडते, धडधडतं. माणूस म्हणतो, पॅच बाधला. तो काढून टाकतो, आणि तिसऱ्या दिवशी सिगारेट. पॅचला दोष देण्याआधी चहा-कॉफी निम्म्यावर आणून दोन दिवस बघणं हा साधा उपाय आहे. काही औषधांचंही असंच होतं. दम्यासाठीचं थिओफिलिन आणि मनोविकारांवरचं क्लोझापिन ही त्यातली महत्त्वाची. ती चालू असतील तर सिगारेट सोडताना डॉक्टरला आधी सांगायला हवं.

पॅच अंगावर असताना सिगारेट ओढली तर हृदय बंद पडतं, ही भीतीही फार पसरलेली आहे. हिशेबच मांडून बघा. १४च्या पातळीवर एका सिगारेटचे साडेपाच आले, की साडेएकोणीस होतात. हा गृहस्थ रोज दुपारी तिथेच असतो. शिवाय रक्तात आधीच निकोटिन असलं की माणूस झुरके हलके घेतो, हेही तपासून पाहिलेलं आहे. एक सिगारेट घसरली म्हणून पॅच काढून फेकणं हा उलटा न्याय झाला. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, छातीत वारंवार दुखत असलेला किंवा गरोदर बाई असेल, तर मात्र हा हिशेब घरी मांडायचा नसतो, तो डॉक्टरसमोरच.

डोस बरोबर आहे का हे तपासायचंच असेल, तर प्रयोगशाळा निकोटिनपेक्षा कोटिनिन मोजते. निकोटिन मोडून ते बनतं, आणि ते निम्मं व्हायला सोळा तास घेतं, म्हणून सकाळ-दुपारच्या चढउताराने ते डळमळत नाही. बेनोविट्झ आणि पेटन जेकब यांनी यातून एक ढोबळ सूत्र काढलं. रक्तातल्या कोटिनिनच्या आकड्याला ०.०८ने गुणा, दिवसाचं निकोटिन मिलिग्रॅममध्ये मिळतं. आपल्या गृहस्थाचं कोटिनिन २५० निघेल, आणि २५० गुणिले ०.०८ म्हणजे २०. तेच ४०० निघालं, तर तो दिवसाला ३२ मिलिग्रॅम घेतोय आणि एका पॅचने भागणार नाही, हे कळतं. मात्र ते निकोटिन पॅचचं की सिगारेटचं, हे कोटिनिन सांगू शकत नाही. त्यासाठी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. नळीत फुंकायचं, आकडा लगेच येतो. पॅचमधून तो वायू कधीच येत नाही. रक्तवाहिन्या खराब करण्यात त्याचा आणि कर्करोगात डांबराचा वाटा आहे, निकोटिनचा नव्हे. पॅचचा सगळा डाव याच फरकावर उभा आहे.

महाराष्ट्रात मात्र हे सगळं थोड्याच लोकांना लागू पडतं. प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७च्या पाहणीत राज्यातले ३.८ टक्के लोक ओढणारे निघाले, आणि तोंडात तंबाखू ठेवणारे २४.४ टक्के. त्यांचं निकोटिन फुप्फुसांतून जात नाही, गालाच्या आतल्या कातडीतून जातं, आणि तिथे ते शिरायचं तर लाळ अल्कधर्मी असावी लागते. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, म्हणून तो नुसता तोंडात धरला तर फारसं काही मिळत नाही. तळहातावर तंबाखू मळताना जो चुना घालतात, तो चवीपुरता नाही. तोच निकोटिनला गालातून आत ढकलतो. बार ओठाखाली धरला की पातळी सावकाश चढते, सिगारेटच्या बरोबरीला येते, आणि ती खाली उतरत असते त्या वेळातही टिकून राहते. म्हणजे त्याचा आलेख दिसायला सिगारेटपेक्षा पॅचच्याच जवळचा. त्यावरून पॅच इथे जास्त चालेल असं वाटेल, पण तोंडातली तंबाखू सोडवताना पॅचचा ठाम फायदा चाचण्यांमध्ये दिसलेला नाही. चघळायच्या गोळीचे निकाल थोडे बरे आहेत. गोळी आणि गम यांनाही तोच चुन्याचा नियम लागतो. गम तोंडात असताना कॉफी, कोला किंवा लिंबू सरबत घेतलं की लाळ आम्ल होते आणि निकोटिन गालातून शिरायचं सोडून पोटात जातं. तिथे त्यातलं बरंचसं यकृतच मोडून टाकतं, वर उचक्या आणि जळजळ. म्हणून गम किंवा गोळी घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. शिवाय गम एकसारखा चावायचा नसतो. तोंडात चुणचुण येईपर्यंत चावायचा, मग बारासारखाच गालात धरून ठेवायचा, चुणचुण गेली की पुन्हा चावायचा.